माती चिंब, चर कोरडा: काळ्या रानातलं पाणी का सरकत नाही

प्रश्न: वाळवा तालुक्यात नदीपासून लांब आमचं काळं रान आहे. उसाच्या दोन्ही अंगाला चार-चार फूट खोल चर मारले, दोन चरांत २०० फूट अंतर आहे. चराकडेची दहा-बारा फुटांची पट्टी सुधारली, पण मधलं रान चिबडच राहिलं. मध्यावर तीन फूट खड्डा काढला तर माती चिंब ओली, पण खड्ड्यात थेंब नाही. दुसऱ्या दिवशी तळाला वीतभर पाणी आलं. विहिरीच्या कडेला बघितलं तर सात फूट काळी माती आणि खाली पिवळी घट्ट माती आहे. नदीकाठच्या आमच्या भावकीच्या रानात असलेच चर झकास चालतात. काळी माती पाणी धरून ठेवते म्हणतात, मग ते पाणी चरात का येत नाही?

उत्तर: मातीत पाणी किती मावतं आणि मातीतून पाणी किती वेगानं जातं, या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध नाही. पहिली गोष्ट मातीतल्या एकूण पोकळीवर ठरते, दुसरी त्या पोकळीतली प्रत्येक वाट किती रुंद आहे यावर. तुमच्या रानात पोकळी भरपूर आहे, वाटा मात्र अतिशय बारीक आहेत.

आधी पोकळीचं बघू. मातीच्या कणांची घनता साधारण २.६५ असते. काळ्या मातीचा एक घनमीटर ठोकळा वाळवून तोलला तर तो अंदाजे १३०० किलो भरतो. म्हणजे निम्म्याच्या आसपास कण आणि निम्मी, सुमारे ५१ टक्के, पोकळी. नदीतली वाळू घनमीटरला १६०० किलोच्या आसपास भरते, म्हणजे तिच्यात पोकळी जेमतेम ४० टक्के. दोन्ही ठोकळे पाण्यानं पूर्ण भरले तर काळ्या मातीत ५१० लिटर मावेल आणि वाळूत ४००. इथपर्यंत काळी मातीच सरस.

आता दोन्ही ठोकळे खालून मोकळे सोडा. वाळूतून २०० लिटरच्या वर पाणी आपोआप गळून जाईल. काळ्या मातीतून गळेल ते २० ते ५० लिटर. बाकीचं साडेचारशे लिटरच्या वरचं पाणी मातीतच राहतं. त्यातलं दीडशे-पावणेदोनशे लिटर उसाची मुळं ओढून घेऊ शकतात. उरलेलं इतकं घट्ट बसलेलं असतं, की पीक वाळून गेलं तरी ते सुटत नाही. तुमच्या खड्ड्याच्या भिंती ओल्या चकचकीत दिसल्या आणि थेंब पडला नाही, त्याचं कारण हेच.

हे पाणी धरतं कोण? आपल्या काळ्या मातीतल्या चिकण कणांत स्मेक्टाइट गटातली खनिजं जास्त असतात, मॉन्टमोरिलोनाइट हे त्यातलं नेहमीचं नाव. बेसाल्ट झिजून ती तयार झाली. हे कण वाळूसारखे गोल नसतात. विड्याच्या पानांची चवड लावावी तसे पातळ पापुद्रे एकावर एक बसलेले असतात आणि पाणी त्या पापुद्र्यांच्या मध्येही शिरतं. म्हणून माती फुगते. एक ग्रॅम शुद्ध स्मेक्टाइटचे सगळे पापुद्रे उलगडून त्यांचं क्षेत्रफळ मोजलं तर ते ६०० ते ८०० चौरस मीटर भरतं. एक ग्रॅम वाळूचं एक चौरस मीटरही भरत नाही. पाणी पृष्ठभागाला चिकटतं, आणि इथे चिकटायला पृष्ठभाग अफाट आहे.

याशिवाय केशाकर्षण आहेच. बारीक नळीत पाणी आपोआप वर चढून धरलं जातं, आणि नळी जितकी बारीक तितका तो स्तंभ उंच. नळीचा व्यास सेंटिमीटरमध्ये घेऊन ०.३ ला त्यानं भागलं, की किती सेंटिमीटर उंचीचा स्तंभ धरला जाईल ते कळतं. आता तुमच्या चराला हे लावून बघा. चर चार फूट, म्हणजे १२० सेंमी खोल. ०.३ भागिले १२० म्हणजे ०.००२५ सेंमी, अर्थात ०.०२५ मिलिमीटर. याचा अर्थ चार फुटांचा चर कितीही दिवस उघडा ठेवला, तरी जमिनीच्या अगदी वरच्या थरातही ०.०२५ मिमीपेक्षा बारीक पोकळी तो रिकामी करू शकत नाही. खालच्या थरांत तर त्याची ओढ आणखी कमी पडते. काळ्या मातीतली बहुतेक पोकळी याहून बारीक असते. नदीकाठच्या मळीच्या, वाळूमिश्रित रानात ती याहून मोठी असते. त्यामुळे तोच चर तिथे मातीतलं बरंच पाणी ओढतो आणि तुमच्याकडे थोडंच.

तुमच्या खड्ड्यात प्रत्यक्षात दोन थर होते. तीन फुटांच्या खड्ड्यात दुसऱ्या दिवशी वीतभर पाणी आलं, म्हणजे भूजलाची पातळी साधारण सव्वादोन फुटांवर आहे. तिच्या वरची माती ओली असली तरी तिथलं पाणी ताणाखाली आहे. ते खड्ड्यात किंवा चरात कधीच येणार नाही, उलट खड्ड्यात ओतलेलं पाणी ती माती शोषून घेईल. सव्वादोन फुटांच्या खालचं पाणी मोकळं आहे, ते येऊ शकतं, फक्त फार सावकाश येतं. वीतभर पाणी जमायला एक रात्र लागली ती त्यामुळे.

हा सावकाशपणा मोजता येतो. १८५६ मध्ये हेन्री डार्सी या फ्रेंच अभियंत्यानं दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम करताना वाळूच्या नळकांड्यातून पाणी सोडून नियम काढला: पाण्याचा प्रवाह उताराच्या प्रमाणात बदलतो, आणि तो उतार ज्या आकड्यानं गुणायचा तो त्या मातीचा स्वतःचा असतो. त्या आकड्याला पार्यता म्हणतात. ती वाटेच्या रुंदीच्या वर्गानुसार बदलते. एकूण पोकळी तेवढीच ठेवून वाटा शंभरपट बारीक केल्या, तर प्रवाह दहा हजारपट घटतो. पोकळी ४० टक्के की ५१ टक्के हा फरक त्यापुढे किरकोळ आहे.

मात्र काळ्या मातीला एकच पार्यता नसते. नुसत्या चिकण गोळ्यातून पाणी जवळजवळ जातच नाही, म्हणूनच पूर्वी पाझर तलावाच्या नव्हे तर पाणी साठवायच्या तलावाच्या भरावाच्या पोटात काळ्या मातीची भिंत घालत. शेतातल्या मातीतून जे पाणी जातं ते ढेकळांच्या सांध्यांतून, मुळांच्या आणि गांडुळांच्या भोकांतून, उन्हाळ्यातल्या भेगांतून. मे महिन्यात त्या भेगांत पाणी सोडा, मोटर तासभर चालूनही पाणी सरीच्या टोकाला पोचत नाही. तेच रान ऑगस्टमध्ये फुगून भेगा मिटल्या की पाणी वर तुंबतं. त्यामुळे उन्हाळ्यात कुणी पाणी मुरण्याची चाचणी घेऊन ‘निचरा चांगला आहे’ असा निर्वाळा दिला तर त्याच्यावर विसंबू नका. निचऱ्यासाठी मोजायचं ते माती भरल्यावर.

मोजायची सोपी पद्धत अशी. रानाच्या मध्यावर, चरापासून लांब, १० सेंमी व्यासाच्या गिरमिटानं साडेपाच फुटांचं उभं भोक पाडा. एक दिवस तसंच ठेवा, पाणी स्थिर होऊ द्या. तुमची पातळी सव्वादोन फुटांवर असल्यानं भोकात साधारण १०० सेंमी पाणी उभं राहील. मग ते झटपट उपसून पातळी ६० सेंमीनं खाली न्या आणि घड्याळ लावून पाणी किती वेळात किती चढतं ते बघा. फक्त सुरुवातीचे १०-१२ सेंमी मोजा, पुढचं गणितात धरू नका. भोक याच मापाचं असेल तर सेंमी भागिले सेकंद या वेगाला ६.२ नं गुणलं, की पार्यता मीटर प्रतिदिवस मिळते. माप बदललं की तो गुणकही बदलतो.

समजा पाणी ८ सेंमी चढायला १० मिनिटं लागली. ८ भागिले ६०० गुणिले ६.२ म्हणजे ०.०८ मीटर प्रतिदिवस. नदीकाठच्या रानात तेवढंच पाणी ४० सेकंदांत चढलं तर तिथली पार्यता १.२ येईल, म्हणजे पंधरापट. चिबडलेल्या काळ्या रानात पहिल्यासारखा आकडा आला तर मला नवल वाटणार नाही.

या चाचणीत एक खोट नेहमी येते. ओल्या चिकण मातीत गिरमिट फिरताना भोकाची भिंत घोटली जाते, कुंभारानं हात फिरवल्यासारखी गुळगुळीत होते, आणि सांध्यांची तोंडं बंद होतात. मग आकडा खोटा कमी येतो. तारेच्या ब्रशनं भिंत खरवडा, भोक दोन-तीनदा उपसून पुन्हा भरू द्या आणि मगच घड्याळ लावा. लागोपाठच्या दोन मोजण्या जुळल्या की आकडा वापरायचा. एकाच भोकावरही थांबू नका. काळ्या रानात वीस पावलांवर आकडा दुप्पट किंवा निम्मा होतो, म्हणून चार-पाच भोकं हवीत.

आता दोन चरांतल्या अंतराकडे येऊ. त्यासाठी हूगहाउट या डच संशोधकाचं सूत्र जगभर वापरतात:

```
L² = (8·K·d·h + 4·K·h²) / q
```

इथे L म्हणजे दोन चरांतलं अंतर, K म्हणजे पार्यता, d म्हणजे चराच्या बुडाखाली घट्ट थरापर्यंतची खोली, h म्हणजे मध्यावरची पाण्याची पातळी चराच्या बुडापेक्षा किती वर चालेल ते, आणि q म्हणजे दिवसाला किती पाणी काढायचं ते. सगळं मीटरमध्ये. तुमच्याकडे चर १.२ मीटर आणि पिवळी माती सात फुटांवर, म्हणून d ढोबळमानानं १ धरू. मध्यावर पाणी ७० सेंमीच्या वर येऊ नये असं ठरवलं तर h झाला ०.५. दिवसाला २ मिमी पाणी काढायचं, म्हणजे q ०.००२.

K ला ०.०८ घातल्यावर L² येतो २०० आणि L येतो साधारण १४ मीटर. खऱ्या गणितात d थोडा कमी धरावा लागतो, म्हणून १२ ते १४ मीटर, म्हणजे ४० ते ४५ फूट समजा. K ला १.२ घातलं तर अंतर ५५ मीटर, म्हणजे १८० फूट येतं. भावकीतल्या रानात दोनशे फुटांवरचे चर का चालतात ते इथे दिसतं. तुमच्या रानाला तेवढ्याच कामासाठी चौपट चर लागतात.

हेच गणित उलटं फिरवून बघा. तुमचे चर आज ६१ मीटरवर आहेत. तेवढ्या अंतरावर ०.०८ पार्यतेनं दिवसाला ०.११ मिमी पाणी निघतं. एका पाळीत ३० मिमी पाणी गरजेपेक्षा जास्त झालं, तर ते चरानं काढायला नऊ महिने लागतील. तोवर पुढच्या कितीतरी पाळ्या होऊन गेलेल्या असतात. चर खोटे नाहीत, ते फक्त आपल्याजवळची पट्टी सांभाळतात.

इथे पाण्याच्या पाळीचा मुद्दा येतो, आणि माझ्या मते चरापेक्षा तो मोठा आहे. काळ्या मातीत गळून जाणारी पोकळी फक्त ३ टक्क्यांच्या आसपास असते. त्यामुळे १० मिमी जादा पाणी खाली गेलं की भूजलाची पातळी ३३ सेंमी, म्हणजे फूटभर वर येते. एका एकरावर १० मिमी म्हणजे ४० हजार लिटर. सेकंदाला १० लिटर पाणी देणारी मोटर हे काम तासाभरात करते. रात्रीची लाईट आली, मोटर चालू करून माणूस झोपला आणि दोन तास जास्त गेले, की एकराखालचं पाणी दोन फूट वर. वाळूमिश्रित रानात गळणारी पोकळी २० टक्के धरली तर त्याच दोन तासांत पातळी चार इंचच चढते. त्यामुळे भावकीतल्या रानाला जी चूक पचते ती तुमच्या रानाला पचत नाही. ठिबक केलंत, किंवा निदान वापसा बघून पाळी दिलीत आणि सऱ्या आखूड ठेवल्यात, तर काढायचं पाणीच निम्म्यावर येईल. सूत्रातला q निम्मा झाला की चरांतलं अंतर सुमारे १.४ पट वाढवता येतं, म्हणजे ४० फुटांचं ५६ फूट. पाईपचा खर्च तेवढा वाचतो.

चाळीस फुटांवर उघडे चर मारले तर ऊस लावायला रान उरणार नाही. म्हणून इतक्या जवळच्या अंतराला भूमिगत सच्छिद्र पाईप घालतात आणि ते कडेच्या चरात सोडतात. तुमचे दोन चर तेव्हा उपयोगी पडतील, फक्त पाईपचं तोंड चराच्या पाण्यात बुडता कामा नये. त्याआधी तुमचे चर ज्या ओढ्याला मिळतात, त्याला पावसाळ्यात पाणी किती चढतं ते बघून ठेवा. ओढ्याचं पाणी चराच्या बुडावर उभं राहत असेल तर पाईप कितीही जवळ घातले तरी पाणी जाणार कुठे?

दुसरा पर्याय मोल निचऱ्याचा. ट्रॅक्टरमागं लोखंडी पात्याच्या खालच्या टोकाला गोळी बसवून दोन फुटांवर बोगदा ओढत नेतात, चार-पाच मीटरच्या अंतरानं. पाईप लागत नाही, म्हणून स्वस्त पडतं. बोगदा टिकतो तो चिकणपणामुळेच, आणि पात्यानं वर ज्या भेगा पडतात त्यांतून पाणी बोगद्यात उतरतं. खालची माती ओली पण घट्ट आणि वरची सुकी असेल तेव्हाच ओढायचं, नाहीतर भेगाच पडत नाहीत. काही वर्षांत बोगदा ढासळतो आणि पुन्हा ओढावा लागतो. चोपण मातीत तो लवकर बसतो.

चोपणाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण तिथे सगळं गणित कोसळतं. वरंब्यावर बुरशीसारखं पांढरं फूल येत असेल तर ते क्षार आहेत. वर आलेलं पाणी केशाकर्षणानं पृष्ठभागापर्यंत चढतं, उडून जातं आणि क्षार मागे ठेवतं. क्षार पिकाला वाईट, पण ते पाण्यात आहेत तोवर चिकण कण एकमेकांना धरून गुठळीत राहतात आणि सांधे उघडे असतात. सोडियम मातीच्या कणांवरच बसलेलं असलं तर वेगळंच घडतं. निचरा केला, चांगला पाऊस झाला, मोकळे क्षार धुऊन गेले, की कण सुटे होऊन पसरतात आणि सांध्यांत अडकून बसतात. मग जी पार्यता ०.०८ होती ती जवळजवळ शून्यावर येते. पाईप घातल्यावर पहिल्या वर्षी पाणी आलं आणि दुसऱ्या वर्षी बंद पडलं, अशी तक्रार आली की मी आधी हेच तपासतो.

घरी ओळखायची रीत आहे. वाटाण्याएवढं सुकं ढेकूळ काचेच्या ग्लासात पावसाच्या पाण्यात अलगद सोडा, ढवळू नका. दोन तासांनी नुसतं भुगा होऊन तळाला बसलं आणि पाणी नितळ राहिलं तर ठीक. ढेकळाभोवती दुधी वलय पसरून पाणी गढूळ राहिलं तर सोडियमचा त्रास आहे. बोअरच्या खारट पाण्यात ही चाचणी घेऊ नका, त्यात क्षार असल्यानं वलय दिसत नाही. वलय दिसलं तर तीन थरांतले नमुने काढून प्रयोगशाळेत विनिमययोग्य सोडियमचं प्रमाण तपासा. ते १५ टक्क्यांच्या वर असेल तर पाईपबरोबरच जिप्सम घालावं लागेल. किती, ते अहवालावरून ठरवा, शेजाऱ्याच्या पोत्यांवरून नको. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात क्षारपड जमिनीवर काम होतं, अहवाल घेऊन तिथे गेलात तर मात्रा ठरवून मिळेल.

शेवटची एक खात्री खर्चाआधी करून घ्या. मी वर जे मांडलं ते पाणी तुमच्याच रानात वरून आलेलं आहे असं धरून. वरच्या अंगाला कॅनॉल किंवा तळं असेल तर पाणी खालच्या मुरमातून दाबानं वर येत असू शकतं. मध्यावर जवळजवळ दोन पीव्हीसी नळ्या उभ्या करा, एक साडेतीन फुटांवर थांबणारी आणि दुसरी पिवळ्या मातीच्या खाली मुरमापर्यंत जाणारी. दोन्हींना फक्त तळाशी भोकं ठेवा आणि बाहेरची पोकळी काळ्या मातीनं ठासून भरा. आठवडाभर पातळी लिहून ठेवा. दोन्हींत पाणी सारखं किंवा खोल नळीत खाली असेल तर वरचं गणित लागू. खोल नळीत पाणी वर असेल तर खालून आवक आहे. मग चाळीस फुटांचे पाईपही पुरणार नाहीत, वरच्या बांधाला मुरमापर्यंत पोचणारा आडवा चर मारून ते पाणी रानात शिरायच्या आधीच तोडावं लागेल.